गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आणि एचपीव्हीची लस: विचारायला लाज वाटते त्या प्रश्नांसह

"मला काही त्रासच नाही, मग दाखवायचं कशाला?" गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. पण ही तपासणी त्रास नसतानाच करायची असते. गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी बिघडायला लागल्यापासून त्याचा कॅन्सर होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं जातात. या काळात दुखत नाही, खुपत नाही, पाळीही नेहमीसारखी येत राहते. तेव्हा बिघाड सापडला तर पंधरा-वीस मिनिटांच्या उपचारात काम भागतं. अंगावरून रक्त जायला लागल्यावर बाई दवाखान्यात पोहोचते, तोवर अनेकदा रेडिएशन आणि मोठ्या उपचारांची वेळ आलेली असते. भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्याने जातात.

तपासणीने खरंच फरक पडतो का, याचं उत्तर आपल्याच मातीत शोधलं गेलं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या खेड्यांमध्ये बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयातल्या पथकांनी 1999 पासून 30 ते 59 वयाच्या बायकांची तपासणी केली. या अभ्यासात एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका होत्या. काही गावांत एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची टेस्ट झाली, काही गावांत दुसऱ्या तपासण्या झाल्या आणि काही गावांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षांनी हिशेब केला तेव्हा एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू झाले होते आणि नेहमीची व्यवस्था असलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात 64. ही टेस्ट आयुष्यात एकदाच झाली होती, तरी मृत्यू निम्म्यावर आले. ज्या बायकांनी ती करून घेतली त्या शेतात राबणाऱ्या, कधी डॉक्टरणीसमोर न झोपलेल्या होत्या. त्यांनाही लाज वाटलीच असणार.

आधी मनातला प्रश्न: हा "तसला" आजार आहे का?

एचपीव्ही हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, त्वचेला त्वचा लागून. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण ते लपवलं की बायका नको ते निष्कर्ष काढतात. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी या विषाणूची लागण होते. ज्यांचा आयुष्यभर एकच जोडीदार आहे त्यांनाही होते, कारण त्या जोडीदाराला ती लग्नाच्या कितीतरी वर्षं आधी झालेली असू शकते. दहातल्या नऊ जणींमध्ये शरीर तो एक-दोन वर्षांत आपोआप घालवून टाकतं आणि त्यांना पत्ताही लागत नाही. ज्या थोड्या जणींमध्ये तो टिकून राहतो, त्यांच्यातल्या काहींच्या पेशी पुढे बिघडतात. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांतले 16 आणि 18 या क्रमांकांचे दोन प्रकारच बहुतांश गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून नवरा बाहेर जातो, किंवा बायको जाते, असं सिद्ध होत नाही. विषाणू अंगात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो कधी आला आणि कोणाकडून आला, हे कोणतीही टेस्ट सांगू शकत नाही. पुरुषांसाठी अशी नेहमीच्या वापरातली टेस्टच नाही, त्यामुळे "आधी त्यांची तपासणी करा" या वादात वेळ घालवू नका. घरात तसं बोलणं निघालंच तर डॉक्टरांना नवऱ्यासमोर एकदा समजावून सांगायला सांगा. बऱ्याच डॉक्टर हे आनंदाने करतात.

शौचालयातून, टॉवेलमधून किंवा एका ताटात जेवल्याने हा कॅन्सर होत नाही. कंडोमने धोका कमी होतो, पण विषाणू झाकलेल्या भागाबाहेरच्या त्वचेवरही असतो, म्हणून पूर्ण संरक्षण मिळत नाही.

कुठली तपासणी, कोणत्या वयात

प्रकार तीन आहेत. तिन्ही एकाच वेळी करायची गरज नसते.

पहिली व्हीआयए, म्हणजे व्हिनेगरसारख्या पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची तपासणी. नर्स किंवा डॉक्टर ते पाणी गर्भपिशवीच्या तोंडाला लावून एक मिनिट थांबतात. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसायला लागतो. निकाल तिथल्या तिथे कळतो. सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी ही तपासणी ठरवलेली आहे. आयुष्मान आरोग्य मंदिर, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणी ती होते आणि पैसे लागत नाहीत. तिच्या मर्यादा दोन आहेत. साधं इन्फेक्शन असलं तरी पांढरा डाग दिसू शकतो, म्हणून ती कधी उगाच घाबरवते. आणि पाळी गेल्यानंतर तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दुसरी पॅप टेस्ट. यात लहान ब्रशने किंवा लाकडी पट्टीने थोड्या पेशी घेऊन लॅबला पाठवतात. सहसा ती दर तीन वर्षांनी करतात. तिसरी एचपीव्ही टेस्ट, जी पेशींपेक्षा विषाणूच शोधते. ही सर्वांत आधी धोका ओळखते, आणि निगेटिव्ह आली तर पुढची किमान पाच वर्षं निर्धास्त राहता येतं. खासगीत ती पॅपपेक्षा महाग पडते, तेव्हा जायच्या आधी फोनवर दर विचारून घ्या. पैशांची सोय असेल तर मी तिशीनंतर हीच करायला सांगेन. सोय नसेल तर फुकटची व्हीआयए टाळून "पुढच्या वर्षी चांगली टेस्ट करू" म्हणत बसू नका.

एचपीव्ही टेस्टची आणखी एक सोय लाजणाऱ्या बाईसाठी मोलाची आहे: नमुना स्वतः घेता येतो. काही रुग्णालयांत आणि लॅबमध्ये लांब दांड्याचा मऊ ब्रश देतात. बाथरूममध्ये किंवा पडद्याआड जाऊन तो योनीमार्गात साधारण बोटभर आत सरकवायचा, काही वेळा गोल फिरवायचा आणि नळीत टाकून परत द्यायचा. किती आत आणि किती फेरे, हे किटवर लिहिलेलं असतं. योनीमार्गाचा नमुना या टेस्टला चालतो, गर्भपिशवीचं तोंड नेमकं सापडायला हवं असं नाही. पॅपला मात्र ही सवलत नाही.

एचआयव्ही असलेल्या बायकांनी तिशीची वाट पाहू नये. त्यांनी पंचविशीपासून आणि कमी अंतराने तपासणी करावी.

जायच्या आधी

पाळी सुरू असताना जाऊ नका. पाळीच्या पहिल्या दिवसापासून दहाव्या ते विसाव्या दिवसातला दिवस चांगला. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध, योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम आणि आतून धुणं टाळा, नाहीतर नमुना बिघडतो. केस काढायची गरज नाही, डॉक्टरांना त्याने काही फरक पडत नाही. शक्यतो साडी किंवा सैल कुर्ता घाला, म्हणजे फक्त खालचे कपडे काढावे लागतात आणि अंग झाकलेलं राहतं.

काउंटरवर सगळ्यांसमोर काय बोलायचं, इथेच बऱ्याच जणी परत फिरतात. एवढंच म्हणा: "लेडी डॉक्टरांना दाखवायचंय, रूटीन चेकअप." किंवा सरकारी केंद्रात नर्सताईंना: "तिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी होते ना, ती करायची आहे." पुढचं आत बोलता येतं. तोंडातून शब्द निघणारच नाही असं वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. गावात असाल तर आशाताईंना घरी बोलावून विचारा, तपासणी कुठल्या दिवशी असते हे त्यांना माहीत असतं.

आत गेल्यावर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "लग्न झालंय का?" डॉक्टरांना यातून शरीरसंबंध आलेत का, एवढंच जाणून घ्यायचं असतं, कारण त्यावर तपासणीची पद्धत ठरते. लग्न झालेलं नसलं आणि संबंध आलेले असले तर "लग्न नाही, पण संबंध आलेत" असं सरळ सांगा. आईसमोर सांगायचं नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणा आणि तिला बाहेर थांबायला सांगा. सज्ञान बाईची माहिती तिच्या परवानगीशिवाय घरच्यांना देऊ नये, हा डॉक्टरांच्या पेशाचा नियम आहे. संबंध कधीच आले नसतील तर हा कॅन्सर होण्याचा धोका अगदी कमी असतो आणि डॉक्टर बहुधा तपासणी थांबवायलाच सांगतील. गरोदर असाल किंवा असण्याची शक्यता असेल, तर तेही सांगा.

टेबलावर

तुम्ही पाठीवर झोपता, गुडघे वाकवता आणि बाजूला सोडता. कमरेवर चादर असते. नसली तर मागा. खोलीत दुसरी बाई, नर्स किंवा तुमची मैत्रीण असावी, असं तुम्ही म्हणू शकता. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं चोचीसारखं साधन आत घालतात आणि हळूच उघडतात, म्हणजे गर्भपिशवीचं तोंड दिसतं. ताण जाणवतो, स्टील गार लागतं. दुखू लागलं तर "थांबा" म्हणा. लहान आकाराचं स्पेक्युलम असतं, ते मागता येतं. पाळी गेलेल्या बायकांची आतली त्वचा कोरडी असते, त्यांनी हे आधीच सांगावं.

श्वास रोखला की पोटाखालचे स्नायू आवळले जातात आणि जास्त दुखतं. म्हणून साधन आत जाताना तोंडाने सावकाश श्वास सोडा, कंबर टेबलावर सैल टाका आणि पायांची बोटं हलवत राहा. व्हीआयएत किंचित झोंबल्यासारखं होतं. ब्रश फिरतो तेव्हा पाळीतल्यासारखी एखादी कळ येऊ शकते. सगळं मिळून पाच मिनिटांच्या आत आटपतं. नंतर एखादा दिवस थोडंसं रक्त लागलं तर घाबरू नका. पॅड भरेल एवढं गेलं किंवा ताप आला तर परत जा.

रिपोर्ट वाचताना

पॅपच्या रिपोर्टवर "इन्फ्लमेटरी" असा शब्द असला की बायका रात्रभर झोपत नाहीत. त्याचा अर्थ सूज किंवा इन्फेक्शन एवढाच, कॅन्सर नाही. "एनआयएलएम" लिहिलं असेल तर पेशींमध्ये बिघाड सापडलेला नाही. "अनसॅटिस्फॅक्टरी" म्हणजे नमुना पुरेसा नव्हता, पुन्हा द्यावा लागेल. त्याला निगेटिव्ह समजून फाइलमध्ये ठेवू नका.

पॉझिटिव्ह आल्यावर काय काय होतं, हे एका उदाहरणाने पाहू. समजा 38 वर्षांच्या एका ताईंना काही त्रास नाही आणि एचपीव्ही टेस्टमध्ये प्रकार 16 आला. 16 किंवा 18 आल्यावर डॉक्टर पुढची टेस्ट होण्याची वाट न पाहता कॉल्पोस्कोपीला पाठवतात. (इतर धोकादायक प्रकार आले तर आधी व्हीआयए किंवा पॅप करून मग ठरवतात.) कॉल्पोस्कोपी म्हणजे बाहेर ठेवलेल्या भिंगाच्या दिव्यातून गर्भपिशवीचं तोंड मोठं करून पाहणं, तेच टेबल, तेच स्पेक्युलम. पांढरा दिसलेल्या जागेतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात. चिमटा काढल्यासारखं वाटतं. ताईंचा रिपोर्ट येतो "सीआयएन 2". हा कॅन्सर नव्हे, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे. सीआयएन 1 असता तर बहुधा नुसती नजर ठेवली असती, कारण तो बरेचदा आपोआप जातो.

आता डॉक्टर दोनपैकी एक उपाय सुचवतात. बिघाड लहान असेल आणि पूर्ण दिसत असेल तर थर्मल अब्लेशन: सुमारे शंभर अंशांपर्यंत तापवलेलं टोक एक मिनिटाच्या आत त्या जागी लावतात. बिघाड मोठा असेल किंवा आत जात असेल तर लीप: जागा बधिर करून तारेच्या बारीक कडीने तेवढा भाग काढतात. दोन्हीत त्याच दिवशी घरी जाता येतं. पुढचे काही आठवडे पाण्यासारखं अंगावरून जातं आणि साधारण चार आठवडे शरीरसंबंध टाळायचे असतात. घरी हे समजावून सांगणं अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना ही सूचना कागदावर लिहून द्यायला सांगा. मूल व्हायचं असेल तर तेही आधी सांगा, कारण लीपनंतर वेळेआधी प्रसूती होण्याची शक्यता थोडी वाढते. वर्षभरात पुन्हा एचपीव्ही टेस्ट करायची असते, आणि बहुतेक जणी हीच चुकवतात. तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

या सगळ्या वाटेवर कोणी "पिशवीच काढून टाका, कटकट नको" म्हणालं तर तिथेच थांबा. पांढरं जातं म्हणून, व्हीआयए पॉझिटिव्ह आली म्हणून किंवा पुढे कॅन्सर होईल या भीतीपोटी गर्भपिशवी काढायची नसते. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांमध्ये किती जणींच्या पिशव्या कमी वयात काढल्या गेल्या, हे 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्रासमोर आलं. बायोप्सीचा रिपोर्ट हातात नसताना ऑपरेशनची तारीख घेऊ नका. रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये दुसरं मत घ्या. पिशवी आधीच काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा: तोंडासकट काढली असेल आणि आधी पेशींचा बिघाड नसेल तर तपासणीची गरज उरत नाही, तोंड ठेवलं असेल तर तपासणी चालू ठेवावी लागते.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जात राहणं, यांतलं काही असेल तर शिबिराची किंवा ठरलेल्या वर्षाची वाट पाहू नका. आदली टेस्ट निगेटिव्ह असली तरी त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

लस: मुलीसाठी आणि तुमच्यासाठी

लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या कवचासारखे कण असतात. त्यामुळे लसीने एचपीव्ही होत नाही. अंगात आधीच असलेला विषाणू किंवा बिघडलेल्या पेशी मात्र ती बऱ्या करत नाही. म्हणून शरीरसंबंध सुरू होण्याच्या आधीचं, 9 ते 14 हे वय सर्वांत उपयोगाचं. या वयात शरीर प्रतिकारही जास्त चांगला तयार करतं. लस दिल्याने मुलगी "बिघडेल" ही भीती मनातून काढा. बारा वर्षांच्या मुलीला "ही कॅन्सरची लस आहे, मोठेपणी गर्भपिशवीला होतो त्याची" एवढं सांगितलं की पुरतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लस 2022 मध्ये मंजूर झाली. ती 6, 11, 16 आणि 18 या चार प्रकारांवर काम करते आणि 9 ते 26 वयाच्या मुलामुलींना देता येते. गार्डासिल 9 ही नऊ प्रकारांवरची लस बरीच महाग आहे. पैशांमुळे अडत असेल तर भारतीय लस घ्या. 16 आणि 18 दोन्हींत आहेत, आणि मुख्य काम तेच आहे. तुमच्या भागात सरकारी मोहिमेत ही लस मिळते का, हे विकत घेण्याआधी आशाताईंना किंवा शाळेत विचारा.

पहिला डोस 15 वर्षं पूर्ण होण्याआधी झाला तर दोन डोस पुरतात, त्यांच्यात सहा महिन्यांचं अंतर ठेवायचं. त्यानंतर सुरुवात केली तर तीन: पहिला, दोन महिन्यांनी दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये 9 ते 20 वयासाठी एक डोसही चालेल असं म्हटलं. त्यामागे भारतातल्या अभ्यासाचा मोठा वाटा होता. इथे 2010 मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर दिसलं की 16 आणि 18 च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही जवळपास तेवढंच संरक्षण मिळालं होतं. तरी एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर एकावर थांबू नका, तीन डोस घ्या.

तुमचं वय तिशीच्या पुढे असेल तर काही लसी 45 पर्यंत घेता येतात, पण फायदा कमी होत जातो. लस किंवा तपासणी, यांपैकी एकाचाच खर्च परवडत असेल तर या वयात पैसे तपासणीवर घाला. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागेल, कारण लसीत सगळे धोकादायक प्रकार नसतात. गरोदरपणात लस घेत नाहीत. मध्येच दिवस राहिले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर घ्यायचे.

इंजेक्शन दंडात देतात. दंड एक-दोन दिवस दुखतो, कधी कणकण येते. या वयातल्या मुलींना सुई टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून काहीतरी खाऊन न्या आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा. पुढच्या डोसची तारीख कार्डावर लिहून घ्या. परीक्षेमुळे किंवा गावाला गेल्यामुळे तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस जमेल तेव्हा घ्यायचा.